तीन शहरांतले क्लायंट, एक फिल्म: टाइमकोड आणि व्हर्जन सांभाळून एडिट तपासून घ्यायची पद्धत

सोलापुरात बसून एडिटिंग करायचं म्हटलं की क्लायंट एका गावात सापडत नाही. कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत, मार्केटिंग पाहणारी मंडळी पुण्यात आणि माल घेणारा एजंट मुंबईत, हे इथल्या टॉवेल-चादरीच्या धंद्यात नेहमीचंच. मी सुरुवातीला पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला जायचे, लॅपटॉपवर फिल्म दाखवायचे, वहीत बदल लिहून घ्यायचे आणि रात्री परत यायचे. पुढे व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवायला लागले आणि तिथेच माझी सगळ्यात महागात पडलेली चूक झाली.

मेसेज आला होता, "१ मिनिट १२ सेकंदाला जो शॉट आहे तो काढून टाका." मी उघडलेल्या टाइमलाइनवर त्या ठिकाणी एका जुन्या कामगाराची मुलाखत होती. ती काढली आणि फाइल पाठवून दिली. दोन दिवसांनी कळलं, की ते दुसरं व्हर्जन पाहून बोलत होते आणि मी तिसऱ्यात काम करत होते. त्यांना काढायचा होता तो शॉट तिसऱ्या व्हर्जनमध्ये सहा सेकंद मागे सरकला होता. मुलाखत गेली, नको असलेला शॉट तसाच राहिला आणि फिल्म तशीच एका बैठकीत दाखवली गेली.

तेव्हापासून मी एक गोष्ट पक्की धरली आहे. कमेंटच्या पत्त्याला दोन भाग असतात, व्हर्जन आणि टाइमकोड. यातला एक नसेल तर कमेंट कुठल्या घरी पोचवायची ते कळत नाही. खाली सगळी पद्धत त्याच दृष्टीने लिहिली आहे. उदाहरण म्हणून ३ मिनिटं १० सेकंदांची एक टॉवेल कारखान्याची फिल्म घेतली आहे.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- एडिटिंगचं सॉफ्टवेअर. मी प्रीमियर प्रो आणि दाविंची रिझॉल्व्ह या दोन्हींवर काम करते, म्हणून मेनूची नावं त्यांचीच दिली आहेत.
- टाइमकोडवर कमेंट घेणारी सेवा, उदाहरणार्थ फ्रेम डॉट आयओ किंवा व्हिमिओ. ती नसेल तर गूगल ड्राइव्ह आणि गूगल शीट.
- बदलांची यादी ठेवायला एक शीट. सेवा कितीही चांगली असली तरी ही हवीच, कारण पुढे सांगते.
- क्लायंटकडून लेखी दोन गोष्टी: शेवटचा निर्णय कोण देणार त्याचं नाव, आणि ठरलेल्या पैशांत बदलांच्या किती फेऱ्या बसतात. मी कोटेशनमध्येच दोन फेऱ्या लिहिते.
- स्क्रीनवर येणाऱ्या सगळ्या मजकुराची मंजूर झालेली फाइल: नावं, हुद्दे, आकडे, लोगो. हे एडिटआधीच मिळालं तर पहिल्या फेरीतल्या निम्म्या कमेंट येतच नाहीत.

१. फ्रेम रेट आणि सुरुवातीचा टाइमकोड आधी जुळवा

टाइमकोड म्हणजे तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम. `00:01:31:05` म्हणजे १ मिनिट ३१ सेकंद आणि त्या सेकंदातली पाच क्रमांकाची फ्रेम. आपल्याकडे बहुतेक काम सेकंदाला २५ फ्रेमवर होतं, म्हणजे एक फ्रेम ०.०४ सेकंदाची. क्लायंटला सेकंद पुरतात. पण एखाद्या शब्दाचं टोक कापलं गेलं असेल तर फ्रेम लागते.

टाइमलाइन २५ ची असेल तर तपासणीची फाइलही २५ नेच काढा. चुकून २९.९७ वर निघाली तर दोन घोटाळे होतात. शेवटचा आकडा २४ ऐवजी २९ पर्यंत जातो, म्हणून क्लायंटने दिलेली फ्रेम तुमच्या टाइमलाइनवर सापडत नाही. शिवाय २९.९७ च्या साध्या, म्हणजे नॉन-ड्रॉप मोजणीत टाइमकोड घड्याळाच्या मागे पडत जातो. तासाला ३.६ सेकंद. तीन मिनिटांच्या फिल्ममध्ये हा फरक पाचेक फ्रेमचा असतो, डोळ्याला जाणवत नाही. तासाभराच्या कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र शेवटच्या कमेंट भलत्याच शॉटवर पडतात.

दुसरा घोटाळा सुरुवातीच्या आकड्याचा. रिझॉल्व्हची टाइमलाइन सहसा `01:00:00:00` पासून सुरू होते, प्रीमियरची शून्यापासून. क्लायंटचा प्लेअर १ मिनिट १२ सेकंद दाखवतो तेव्हा रिझॉल्व्हमध्ये `01:01:12` असतं. हिशोब सोपा आहे, पण रात्री अकरा वाजता चाळीस कमेंट उतरवताना तो चुकतोच. म्हणून मी टाइमलाइन शून्यावर आणून ठेवते. रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूलमधल्या टाइमलाइनवर राइट क्लिक करून `Timelines` मध्ये `Starting Timecode`, आणि प्रीमियरमध्ये टाइमलाइन पॅनेलच्या मेनूत `Start Time`.

याच कारणासाठी तपासणीच्या फाइलला पुढे पाच सेकंदांची नावाची पाटी किंवा काउंटडाउन लावू नका. लावलीत तर क्लायंटचे सगळे आकडे पाच सेकंदांनी पुढे सरकतात.

२. व्हर्जनला नाव द्या आणि ते मोडू नका

फाइलच्या नावात "फायनल" हा शब्द मी लिहीत नाही. एकदा लिहिला की पुढे फायनल-२, फायनल-नवीन, फायनल-खरंच-शेवटचं अशी रांग लागते आणि सहा महिन्यांनी त्यातलं मंजूर झालेलं कुठलं ते कोणालाच सांगता येत नाही. माझा साचा असा:

```
TOWEL_FACTORYFILM_v01_20250109.mp4
TOWEL_FACTORYFILM_v02_20250121.mp4
```

क्लायंटचं लघुनाव, कामाचं नाव, व्हर्जन, तारीख. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे फोल्डरमध्ये फाइली आपोआप ओळीने लागतात. `v1` न लिहिता `v01` लिहायचं, नाहीतर काही ठिकाणी `v10` हे `v2` च्या आधी बसतं.

व्हर्जनचा आकडा कधी वाढवायचा, हा प्रश्न नवीन लोक मला हमखास विचारतात. माझा नियम असा, की फाइल घराबाहेर गेली की तो आकडा बंद. बाहेर गेलेल्या `v02` मध्ये एका अक्षराची चूक दुरुस्त केली तरी पुढची फाइल `v03`. त्याच नावाने पुन्हा पाठवायची नाही. आपल्यापुरते मधले टप्पे ठेवायचे असतील तर `v02a`, `v02b` असे ठेवा, ते क्लायंटला दिसता कामा नयेत.

व्हिडिओ फाइलइतकाच टाइमलाइनलाही हा नियम लागू. `v01` पाठवल्यावर त्या टाइमलाइनला हात लावायचा नाही. तिची डुप्लिकेट काढायची, तिला `v02` नाव द्यायचं आणि काम तिच्यात करायचं. प्रीमियरमध्ये सोबत प्रोजेक्ट फाइलही नव्या नावाने सेव्ह करा. प्रोजेक्ट फाइल मूळ शूटिंगच्या मानाने अगदी लहान असते, प्रत्येक व्हर्जनची वेगळी ठेवायला जागा लागत नाही. ऑटोसेव्हवर विसंबू नका. तो ठरावीक मिनिटांनी होतो, तुम्ही क्लायंटला काय पाठवलं ते त्याला माहीत नसतं, आणि ठरलेली संख्या भरली की जुन्या प्रती पुसल्या जातात.

३. तपासणीची फाइल काढा

ही फाइल हलकी हवी, कारण कारखान्याचे मालक ती मोबाइलवर, बहुतेकदा शेडमध्ये उभं राहून पाहतात. १०८० रिझोल्युशन, एच-२६४, सेकंदाला ६ मेगाबिट एवढं मला पुरतं. ३ मिनिटं १० सेकंदांची फाइल मग साधारण १४० एमबीची होते आणि १० एमबीपीएस अपलोड असलेल्या लाइनवर दोन मिनिटांत चढते. याहून जड फाइल पाठवून मंजुरीत काही फायदा होत नाही.

चित्रावर टाइमकोड आणि व्हर्जन दोन्ही छापा. रिझॉल्व्हमध्ये `Workspace` मधलं `Data Burn-In` उघडून टाइमलाइनचा टाइमकोड आणि स्वतःचा मजकूर टाकता येतो. प्रीमियरमध्ये एक्स्पोर्ट करताना `Effects` मध्ये `Timecode Overlay` आणि `Name Overlay` आहेत. जागा वरच्या कोपऱ्यात घ्या. खाली नावांच्या पट्ट्या येतात, त्या झाकल्या गेल्या तर स्पेलिंग तपासताच येत नाही.

कमेंटची सेवा स्वतःच टाइमकोड दाखवत असली तरी मी छापतेच. कारण कोणीतरी मोबाइलवर स्क्रीनशॉट काढून पाठवणारच, आणि त्या स्क्रीनशॉटवर व्हर्जन व टाइमकोड दोन्ही असले की पत्ता पूर्ण होतो.

४. फाइल कुठे ठेवायची

पहिला मार्ग फ्रेम डॉट आयओसारख्या सेवेचा. २०२१ मध्ये अॅडोबीने ही कंपनी घेतली आणि पुढे प्रीमियरच्या सबस्क्रिप्शनसोबत ती मिळायला लागली, त्यामुळे प्रीमियर वापरणाऱ्यांनी आधी आपल्या खात्यात ती आहे का ते पाहावं. क्लायंटला लिंक पाठवायची. तो चित्र थांबवतो, कमेंट लिहितो, वाटलं तर चित्रावर बोटाने गोल काढतो, आणि ती कमेंट त्या फ्रेमला चिकटते. आठ सेकंदांच्या तुकड्याबद्दल बोलायचं असेल तर सुरुवात-शेवट धरून कमेंट करता येते. प्रीमियरच्या आतल्या पॅनेलमध्ये त्याच कमेंट दिसतात. एकीवर क्लिक केलं की टाइमलाइन तिथे जाऊन थांबते. रिझॉल्व्हशी थेट जोडणी हवी असेल तर पैसे भरून घ्यायची स्टुडिओ आवृत्ती लागते.

यातला सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे व्हर्जनची चळत. `v02` अपलोड करून `v01` वर ओढून टाकलं की दोन्ही एकाच ठिकाणी राहतात. लिंक तीच, उघडल्यावर नवं व्हर्जन समोर येतं आणि जुन्या कमेंट जुन्या व्हर्जनपाशीच राहतात. `v02` वेगळी फाइल म्हणून टाकलीत आणि वेगळी लिंक दिलीत तर एक जण जुन्या लिंकवर लिहीत राहतो, दुसरा नव्या. ते टाळा.

दुसरा मार्ग बिनपैशाचा आहे: ड्राइव्हवर छापील टाइमकोडची फाइल आणि सोबत शीट. लहान कामांना तो चांगला चालतो. मात्र तीन ठिकाणी लोक अडकतात. एक, लिंकची परवानगी "लिंक असलेला कोणीही" अशी केलेली नसते आणि क्लायंटला परवानगी मागायचं पान दिसतं. तो मागतो, तुम्हाला ईमेल येतो आणि तो तुम्ही संध्याकाळी पाहता. पाठवण्याआधी स्वतः इन्कॉग्निटो खिडकीत लिंक उघडून बघा. दोन, ड्राइव्ह अपलोडनंतर काही वेळ व्हिडिओ तयार करत असतो, तेवढ्यात उघडला तर चित्र धूसर दिसतं आणि पहिली कमेंट "क्वालिटी खराब आहे" अशी येते. अर्धा तास थांबून लिंक पाठवा. तीन, ड्राइव्हमध्ये त्याच लिंकखाली नवी फाइल टाकायची सोय आहे. ती या कामासाठी वापरू नका. क्लायंटने काल काय पाहिलं आणि आज काय पाहतोय हे कळायचा मार्गच राहत नाही, आणि "कायम ठेवा" असं सांगितलं नाही तर जुनी फाइल ३० दिवसांनी निघून जाते.

व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाते, म्हणून तिच्यावरून रंग किंवा बारीक अक्षरं तपासू नयेत. फारच आग्रह असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

५. सूचना एकाच मेसेजमध्ये द्या

लिंकसोबत मी कायम हाच मेसेज पाठवते. नावं आणि वेळ तेवढी बदलते.

```
नमस्कार. फॅक्टरी फिल्मचं v01 तपासायला पाठवत आहे.
१. कृपया पूर्ण फिल्म एकदा न थांबवता पाहा.
२. दुसऱ्यांदा पाहताना जिथे बदल हवा तिथे थांबवून कमेंट लिहा.
३. काय बदलायचं आणि का, दोन्ही लिहा.
४. या वेळी फक्त शॉट, मजकूर आणि क्रम पाहायचा आहे.
   रंग आणि आवाज पुढच्या टप्प्यात नीट करणार आहे.
५. शुक्रवार संध्याकाळी ६ पर्यंतच्या कमेंट v02 मध्ये येतील.
```

चौथी ओळ टॉवेलच्या कामात फार लागते. मोबाइलवर रात्रीचा पिवळा प्रकाश चालू असला तर पांढरा टॉवेल मळका दिसतो आणि तिन्ही शहरांतून तीन रंग सांगितले जातात. रंगाची मंजुरी मी शेवटी घेते, तीही प्रत्यक्ष टॉवेलचा तुकडा टेबलावर ठेवून.

तारीख ठरवताना सोलापूरचं कॅलेंडर बघा. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत मालकांकडून उत्तर येणार नाही हे गृहीत धरा. वरच्या फाइलींच्या नावांत `v01` आणि `v02` मध्ये बारा दिवस आहेत, ते याचमुळे.

आणि एखाद्या ज्येष्ठ माणसाला लिंक, थांबवणं, टाइप करणं जमत नसेल तर त्यांच्यावर लादू नका. मी मालकांना फोन लावते, दोघंही फाइल एकत्र सुरू करतो आणि ते बोलतील तसं मी त्यांच्या नावाने त्या फ्रेमवर लिहिते. "काका, कोपऱ्यातला आकडा वाचून दाखवा" एवढंच सांगायचं. छापील टाइमकोड इथेही कामी येतो. व्हॉइस नोट आली तरी तिच्यातली प्रत्येक गोष्ट लिहून काढून त्यांच्याकडून हो म्हणवून घ्यायची.

६. कमेंटवरून बदलांची यादी करा

कमेंट आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमेंट म्हणजे कोणाला काय वाटलं, आणि यादी म्हणजे काय करायचं ठरलं. म्हणून शीट. माझे रकाने: क्रमांक, कुठल्या व्हर्जनवर, टाइमकोड, कोण, कमेंट, निर्णय, कुठल्या व्हर्जनमध्ये केलं, नवा टाइमकोड.

आपल्या उदाहरणात `v01` वर या कमेंट आल्या:

1. `00:00:14:00` मालक: ड्रोनचा शॉट जुन्या शेडचा आहे, पत्रे आता रंगवलेत. नवा घ्या.
2. `00:00:48:12` ते `00:00:56:12` पुण्याच्या मार्केटिंगवाल्या मॅडम: लूमचा शॉट आठ सेकंद आहे, कंटाळवाणा होतो. काढा.
3. त्याच जागी मालक: नवीन लूम दिसलाच पाहिजे, अजून थोडा ठेवा.
4. `00:01:31:05` मुंबईचे एजंट: पट्टीवर ४५० जीएसएम लिहिलंय, हा टॉवेल ५०० चा आहे.
5. `00:02:20:00` मॅडम: मालकांच्या वाक्यात शेवटच्या "विश्वास" मधला "स" कापलाय.
6. `00:02:52:00` एजंट: लोगो लगेच जातो, दोन सेकंद वाढवा.

दुसरी आणि तिसरी कमेंट एकमेकींच्या विरुद्ध आहेत. इथे नवीन एडिटर मधला मार्ग स्वतःच काढतो आणि मग दोघंही नाराज होतात. तुम्ही ठरवू नका. दोन्ही कमेंट शेजारी ठेवून निर्णय देणाऱ्या माणसाला पाठवा आणि शक्य असेल तर दोन ठोस पर्याय द्या. मी विचारलं, "नव्या लूमचा जवळून घेतलेला ३ सेकंदांचा भाग ठेवते आणि बाकीचे ५ सेकंद काढते, चालेल का?" मालकांना लूम हवा होता, सेकंद नको होते. ते हो म्हणाले, आणि "निर्णय" रकान्यात त्यांच्या नावासकट तेच लिहिलं.

चौथ्या कमेंटसारखी माहितीची चूक असेल तर एजंट बरोबरच आहेत असं धरून चालू नका. जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, आणि टॉवेलवाल्यांसाठी तो आकडा किमतीशी बांधलेला असतो. कारखान्याकडून लेखी खात्री करून मगच बदला.

"म्युझिक जमत नाही" असली मोघम कमेंट यादीत तशीच चढवू नका. कुठून कुठपर्यंत, आणि नेमकं काय, वेग की वाद्य की आवाजाची पातळी, हे विचारा. एका फोनमध्ये जे कळतं ते तीन व्हर्जन वाचवतं.

७. बदल शेवटाकडून सुरुवातीकडे करा

ही युक्ती मला फार उशिरा समजली. तुम्ही पहिल्या दिवसापासून वापरा.

समजा यादी वरून खाली केली. दुसऱ्या कमेंटप्रमाणे लूमच्या शॉटमधले ५ सेकंद काढले. आता त्यानंतरचं सगळं ५ सेकंद अलीकडे सरकलं. चौथी कमेंट `00:01:31:05` ची आहे, पण तिथे गेलात तर मूळच्या `00:01:36:05` चं चित्र दिसेल. जीएसएमची पट्टी आता `00:01:26:05` ला आहे. एकच कापणी असेल तर शोधता येतं. दहा ठिकाणी कमी-जास्त झालं की प्रत्येक कमेंटला वेगळा हिशोब, आणि माझ्या त्या मुलाखतीसारखी चूक इथेच होते.

उलट दिशेने गेलं की हा प्रश्नच येत नाही. बदलाचा परिणाम त्याच्या पुढच्या भागावर होतो, मागच्यावर नाही. म्हणून असं करा:

आधी `00:02:52:00` ला जा, लोगो २ सेकंद वाढवा. मग `00:02:20:00` ला "स" परत आणायला मुलाखतीचं टोक ८ फ्रेम वाढवा, म्हणजे ०.३२ सेकंद. मग `00:01:31:05` ची पट्टी बदला, लांबी तीच. मग लूममधून ५ सेकंद काढा. शेवटी ड्रोनचा शॉट, तेवढ्याच लांबीचा. प्रत्येक वेळी तुम्ही जिथे जाता तिथे `v01` चाच आकडा खरा असतो.

आता लांबी तपासा. `v01` होतं `00:03:10:00`. त्यातून ५ सेकंद वजा, २ सेकंद आणि ८ फ्रेम अधिक, म्हणजे `v02` व्हायला हवं `00:03:07:08`. टाइमलाइनची लांबी हीच आली तर सगळे बदल जागेवर बसले. वेगळी आली तर कुठेतरी नकळत काही सरकलंय, आणि ते पाठवण्याआधी शोधायचं. ही बेरीज करायला एक मिनिट लागतं.

कमेंट मार्कर म्हणून टाइमलाइनवर घेतल्या असतील तर प्रीमियरमध्ये `Markers` मेनूतलं `Ripple Sequence Markers` चालू ठेवा, म्हणजे कापणीबरोबर मार्करही सरकतात. तरी मी उलट्याच दिशेने जाते.

एक सापळा संगीताचा. संगीताचा ट्रॅक लॉक ठेवून चित्रातले ५ सेकंद काढले तर चित्र सरकतं आणि संगीत जागेवर राहतं, मग लोगोवरचा ठोका लोगो आल्यावर पाच सेकंदांनी पडतो. सगळे ट्रॅक एकत्र सरकवा आणि संगीताला जिथे कात्री लागली तो जोड हेडफोन लावून ऐका.

काम झालं की "नवा टाइमकोड" रकाना भरा: पट्टी `00:01:26:05`, "स" `00:02:15:00`, लोगो `00:02:47:08`. क्लायंटला मग `v02` मध्ये आपली कमेंट कुठे पाहायची ते शोधावं लागत नाही.

८. न सांगितलेलं काही बदललं नाही ना, ते पाहा

क्लायंट आपण सांगितलेले बदल पाहतो. न सांगितलेला बदल त्याच्या नजरेतून सुटतो आणि नेमका छपाईला किंवा प्रदर्शनाला गेल्यावर सापडतो. यासाठी `v01` ची पाठवलेली फाइल `v02` च्या टाइमलाइनवर सगळ्यात वरच्या ट्रॅकवर ठेवा, तिच्यातून लूमचे तेच ५ सेकंद कापा, पुढे "स" पाशी ८ फ्रेमची आणि लोगोपाशी २ सेकंदांची फट सोडा आणि ब्लेंड मोड `Difference` करा. दोन चित्रं सारखी असतील तिथे पडदा काळा दिसतो. फरक असेल तिथे आकृती उजळते. फाइल दाबलेली असल्यामुळे थोडी कुरकुरीत चमक राहते आणि कोपऱ्यातला छापील आकडा उजळणारच, तिकडे लक्ष देऊ नका. ड्रोन, पट्टी, "स" ची फट आणि वाढवलेला लोगो सोडून आणखी कुठे चित्र उजळलं तर तिथे थांबून बघा.

मला एकदा असाच एक शॉट सापडला, जो दुसऱ्याच टाइमलाइनवर रंग करताना इथेही बदलला होता. नुसतं पाहून तो कळला नसता.

९. मंजुरी आणि स्वच्छ फाइल

"छान झालंय" ही मंजुरी नाही. "`v03` मंजूर" असा व्हर्जनच्या आकड्यासकट लेखी मेसेज घ्या, तोही ठरलेल्या माणसाकडूनच. बाकीच्यांचे अंगठे चालत नाहीत. आपल्या फिल्ममध्ये `v02` वर एकच कमेंट आली, मुंबईच्या ऑफिसचा पत्ता शेवटच्या पाटीत हवा होता. तो टाकून `v03` झालं आणि मालकांनी त्यावर मंजुरी दिली.

त्यानंतर चित्राची लांबी बंद. आता रंग आणि आवाज. त्याच्याही फाइली पुढच्या आकड्यांनी जातात, `v04`, `v05`. या टप्प्यावर कोणी शॉट बदलायला सांगितला तर ती नवी फेरी आहे, आणि ती कोटेशनमधल्या दोन फेऱ्यांबाहेरची असेल तर काम सुरू करण्याआधीच तसं लिहून कळवा.

मास्टर फाइल काढताना छापील टाइमकोड बंद केला का ते पाहा. रिझॉल्व्हमध्ये डिलिव्हर पानावर `Data Burn-In` ला `None` करा. प्रीमियरमध्ये `Timecode Overlay` आणि `Name Overlay` दोन्हींच्या खुणा काढा. फाइल तयार झाल्यावर पहिली, मधली आणि शेवटची फ्रेम स्वतः उघडून बघा. मगच मंजूर व्हर्जन, त्याची प्रोजेक्ट फाइल आणि पूर्ण भरलेली शीट एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर. टॉवेलवाल्यांनी पुढच्या वर्षी जीएसएम बदलला की ते तुमच्याकडेच येणार, आणि तेव्हा उघडायची टाइमलाइन ही असेल.